चौकटीवरील पाझर आणि युनियन-फाइंड: उंबरठा 0.593 ऐवजी 0.898 का येतो आहे?

मृण्मयी_स (धागाकर्ती)

नमस्कार. मी L × L घरांची चौकोनी चौकट घेऊन पाझराचे गणित संगणकावर करून पाहत आहे. सुरुवातीला सर्व घरे बंद असतात. एकेक घर यदृच्छेने निवडून उघडायचे, ते वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असलेल्या उघड्या शेजाऱ्यांशी युनियन-फाइंडने जोडायचे, आणि वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सलग उघडी वाट तयार झाली की थांबायचे. वरच्या ओळीतील सर्व उघड्या घरांसाठी `TOP` आणि खालच्या ओळीसाठी `BOTTOM` अशी दोन आभासी घरे ठेवली आहेत, त्यामुळे वाट तयार झाली का हे एकाच तुलनेत कळते.

सर्वत्र वाचायला मिळते की मोठ्या चौकटीत ही वाट सुमारे 59.3 टक्के घरे उघडल्यावर तयार होते. माझे उत्तर मात्र L = 50 ला 0.90, L = 100 ला 0.899 आणि L = 200 ला 0.898 असे येत आहे. उत्तर इतके स्थिर आहे की ही निव्वळ यदृच्छेची गडबड वाटत नाही. जोडणीचा भाग मी तीन वेळा तपासला, त्यात चूक सापडली नाही. एका प्रयोगाचा गाभा खाली देत आहे.

```python
while find(TOP) != find(BOTTOM):
    r = random.randrange(L)
    c = random.randrange(L)
    opened += 1
    if not grid[r][c]:
        open_site(r, c)
return opened / (L * L)
```

सह्यकडा

आपली चौकट लहान आहे, हेच कारण असावे. उंबरठा ही अनंत चौकटीची संकल्पना आहे आणि मर्यादित चौकटीत तो सरकलेला दिसतो. L = 2000 घेऊन पाहा, उत्तर खाली येईल. शिवाय माझ्या आठवणीप्रमाणे चौकोनी जाळीचे खरे उत्तर नेमके 0.5 आहे आणि त्याची सिद्धताही झालेली आहे, त्यामुळे 0.593 या आकड्याचा आग्रह धरू नये.

तळटीप

सह्यकडा, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे, म्हणून दोन्ही अर्धे वेगळे करतो. नेमके 0.5 हे चौकोनी जाळीच्या कड्यांचे उत्तर आहे, म्हणजे घरे सगळी शाबूत ठेवून त्यांना जोडणारे दुवे यदृच्छेने उघडले तर. ते केस्टेन यांनी 1980 मध्ये सिद्ध केले. येथे घरे उघडली जात आहेत, आणि त्या प्रश्नाचे नेमके सूत्र आजही कोणाकडे नाही. 0.592746 हा आकडा संगणकावरच्या मोजणीतून आलेला आहे. मर्यादित चौकटीमुळे उत्तर सरकते हेही खरे, पण तो सरक L वाढवल्यावर विरत जायला हवा. मृण्मयी यांचे उत्तर L चौपट केले तरी 0.898 लाच चिकटून आहे. म्हणजे त्यांचा प्रोग्राम कोणती तरी दुसरीच राशी अचूक मोजत आहे. L = 2000 घेतल्याने तो तीच राशी आणखी अचूक मोजेल, एवढेच.

ती राशी कोणती, हे L = 2 ची चौकट हाताने सोडवली की दिसते. चार घरे, दोन स्तंभ. पहिले घर कोणतेही उघडा. उरलेल्या तिघांपैकी एकच घर त्याच्या स्तंभात आहे, म्हणून दुसऱ्या घरालाच वाट तयार होण्याची शक्यता एक तृतीयांश. तसे झाले नाही तर तिसरे घर उघडताच कोणता तरी स्तंभ पूर्ण होतोच. सरासरी 2 × 1/3 + 3 × 2/3, म्हणजे 8/3 घरे. चाराने भागले की 2/3, म्हणजे 0.667. आपला प्रोग्राम L = 2 साठी दहा हजार वेळा चालवून काय येते ते येथे लिहा. मला काय येईल याचा अंदाज आहे, पण आधी आपण पाहावे.

मृण्मयी_स

L = 2 ला 0.916 आले. पुन्हा चालवल्यावर 0.918.

तळटीप

अपेक्षित तेच. आता आपल्या कोडमधील `opened += 1` ही ओळ पाहा. ती `if` च्या आधी आहे. म्हणजे निवडलेले घर आधीपासूनच उघडे असले तरी मोजणी एकाने वाढते. आपण उघडलेली घरे मोजत नसून निवडीचे प्रयत्न मोजत आहात.

याच हिशोबाने L = 2 पुन्हा करा. दुसरे नवे घर मिळण्यासाठी सरासरी 4/3 प्रयत्न लागतात, कारण चारपैकी तीनच बंद आहेत. तिसऱ्यासाठी 2 प्रयत्न. म्हणून दोन घरांवर थांबलो तर 7/3 प्रयत्न, तीन घरांवर थांबलो तर 13/3. एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश या वजनांनी सरासरी 11/3 येते, चाराने भागले की 0.917. आपला आकडा नेमका हाच आहे.

मोठ्या चौकटीतही हाच संबंध आहे. दर घरामागे t प्रयत्न झाले की उघड्या घरांचा वाटा `1 - exp(-t)` होतो. तो वाटा 0.5927 व्हायला t = 0.898 लागतो. L = 200 च्या चौकटीत आपण सुमारे 35,900 वेळा बोट ठेवलेत, पण प्रत्यक्षात सुमारे 23,700 घरेच उघडली, बाकीचे प्रयत्न आधीच उघड्या घरांवर पडले. युनियन-फाइंडमध्ये काहीच चूक नव्हती, म्हणून तीन वेळा तपासूनही ती सापडली नाही.

ती ओळ `if` च्या आत घेतली तरी चालेल. मी मात्र सर्व घरांची यादी एकदाच पिसून घेतो आणि त्या क्रमाने उघडत जातो. प्रयत्न वाया जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

```python
order = list(range(L * L))
random.shuffle(order)
for k, s in enumerate(order, 1):
    open_site(s // L, s % L)
    if find(TOP) == find(BOTTOM):
        return k / (L * L)
```

न्यूमन आणि झिफ यांनी 2000 साली मांडलेल्या पद्धतीचा पायाही हाच आहे. प्रत्येक वाट्यासाठी चौकट नव्याने भरून जोडलेल्या घरांचे पुंजके पुन्हा शोधण्याऐवजी एकाच चौकटीत घरे वाढवत न्यायची आणि युनियन-फाइंडने पुंजके जुळवत राहायचे. घरे जोडता येतात पण तोडता येत नाहीत ही युनियन-फाइंडची मर्यादा येथे आडवी येत नाही, कारण आपण घर पुन्हा बंद करतच नाही.

मृण्मयी_स

मनापासून आभार. बदल केल्यावर L = 2 ला 0.667 आणि L = 200 ला शंभर प्रयोगांत 0.5930 आले. प्रमाण विचलन 0.0088. जोडणीतच दोष असणार असे गृहीत धरून मी इतके दिवस चुकीच्या जागी शोधत होते.

आता पुढचा टप्पा. उभी वाट किंवा आडवी वाट, यांपैकी कोणतीही आधी झाली की थांबायचे, असे करून पाहावे म्हणून मी `LEFT` आणि `RIGHT` ही आणखी दोन आभासी घरे त्याच यादीत घातली. डाव्या कडेचे उघडे घर `LEFT` शी आणि उजव्या कडेचे `RIGHT` शी जोडते. उत्तर एकदम 0.4 च्या जवळपास घसरले. "किंवा" ची अट घातल्याने उत्तर थोडे कमी होईल हे समजते, पण इतके?

अर्धविराम

हा आकडा माझ्या ओळखीचा आहे. माझ्याही प्रोग्राममध्ये उत्तर 0.407 येत होते आणि दोन दिवसांनी कळले की मी तिरक्या शेजाऱ्यांनाही जोडत होतो. चारऐवजी आठ शेजारी घेतले की उंबरठा 0.407 होतो. आपण नवे कोड लिहिताना शेजाऱ्यांच्या यादीत तिरकी घरे शिरली आहेत का, ते पाहावे.

0.593 आणि 0.407 यांची बेरीज 1 येते याचे मला तेव्हा फार नवल वाटले होते. ती योगायोगाने येते का?

तळटीप

योगायोगाने नव्हे. चार शेजाऱ्यांच्या नियमाने वरून खाली उघडी वाट नसेल, तर तिला अडवणारी बंद घरांची भिंत डावीकडून उजवीकडे असलीच पाहिजे, आणि ती भिंत तिरक्या शेजारानेही सलग राहू शकते. दोन्हींपैकी नेमके एकच घडते. म्हणून चार शेजाऱ्यांचा उंबरठा आणि आठ शेजाऱ्यांचा उंबरठा यांची बेरीज 1 असते.

तरीही मृण्मयी यांचे दुखणे हे नसावे असे मला वाटते. त्यांनी शेजाऱ्यांच्या कोडला हात लावल्याचे लिहिलेले नाही. मृण्मयी, L = 50 आणि L = 200 या दोन्हींसाठी प्रमाण विचलन किती येते ते सांगा. तिरक्या शेजाऱ्यांची चूक असेल तर L वाढवल्यावर विचलन आक्रसेल, कारण तो प्रश्न वेगळा असला तरी त्याचा उंबरठा खराच आहे.

मृण्मयी_स

विचलन 50 ला जेवढे आहे तेवढेच 200 लाही आहे, 0.1 च्याही वर. काही प्रयोग तर 0.2 च्या आतच थांबतात. शेजारी चारच आहेत, पुन्हा पाहिले.

तळटीप

मग चूक आभासी घरांत आहे. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातले एकच घर उघडले असे समजा. ते वरच्या ओळीत आहे म्हणून `TOP` शी जोडले गेले, आणि डाव्या कडेला आहे म्हणून `LEFT` शी. त्या क्षणी `TOP` आणि `LEFT` एकाच पुंजक्यात आले. पुढे केव्हा तरी खालचा डावा कोपरा उघडला की `LEFT` आणि `BOTTOM` एक होतात. आता `find(TOP) == find(BOTTOM)` खरे ठरते, आणि मधल्या सगळ्या डाव्या कडेवर एकही घर उघडे नसले तरी प्रोग्राम वाट झाली म्हणून थांबतो. `LEFT` हे आभासी घर वाट झाली का हे तपासण्यासाठी होते, तेच वाट बनले.

हा प्रोग्राम दोन लगतचे कोपरे केव्हा उघडतात जवळजवळ एवढेच मोजतो. कोपरे चारच असतात, चौकट कितीही मोठी केली तरी. म्हणून पसारा कमी होत नाही. उंबरठ्याच्या आसपास मोठ्या चौकटीत सर्व प्रयोग एकवटायला हवेत, आणि ते एकवटत नसतील तर मोजली जाणारी गोष्ट चौकटीच्या एखाद्या छोट्या तुकड्यावर अवलंबून आहे असे समजावे.

उपाय साधा आहे. दोन स्वतंत्र `parent` याद्या ठेवाव्यात, एकीत फक्त `TOP` आणि `BOTTOM`, दुसरीत फक्त `LEFT` आणि `RIGHT`. घर उघडताना दोन्हींत जोडणी करावी. काम दुप्पट होते, पण मोजणी शुद्ध राहते.

वाळूसिमेंट

धागा उशिरा वाचला. मी स्थापत्य अभियंता आहे आणि आम्ही पाणी झिरपू देणाऱ्या काँक्रीटच्या फरशा करतो. त्यात पोकळीचे प्रमाण 15 ते 25 टक्के असते आणि पाणी आरपार जाते. येथील हिशोबाप्रमाणे 59 टक्के पोकळीशिवाय पाणी जायला नको. मग आमच्या फरशा चालतात कशा, की हा सिद्धांत प्रत्यक्षात लागू होत नाही?

सह्यकडा

हा आकडा सपाट चौकटीचा आहे, फरशीला जाडी असते. तीन मितींत वाटेला वर-खाली वळसे घालायला जागा मिळते, त्यामुळे उंबरठा बराच खाली येतो. घनाकृती जाळीत घरांसाठी तो सुमारे 0.3116 आहे.

वाळूसिमेंट

तरी 31 टक्के म्हणजे 15 पेक्षा दुप्पट झाले.

तळटीप

कारण आपल्या पोकळ्या फासे टाकून ठरलेल्या नाहीत. वरच्या प्रश्नात प्रत्येक घर शेजाऱ्याची पर्वा न करता उघडते. काँक्रीटमध्ये खडी एकमेकींना टेकलेली असते आणि पोकळी म्हणजे त्या खड्यांमधली उरलेली फट, जी स्वभावतःच सलग असते. एकमेकांत घुसू शकणारे गोल यदृच्छेने ठेवून उरलेल्या जागेतून वाट शोधली, तर ती जागा अवघी 3 टक्के उरेपर्यंत वाट टिकते असे मोजणीत आढळले आहे. आपली फरशी या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते हे खडीच्या आकारावर आणि सिमेंटच्या लेपावर ठरेल. तो आकडा या चौकटीतून काढता येणार नाही.

मृण्मयी_स

दोन याद्या केल्यावर गाडी रुळावर आली. प्रत्येक L साठी हजार प्रयोग केले. "उभी किंवा आडवी" या अटीने L = 50 ला 0.582 आणि L = 200 ला 0.589 आले. "उभी आणि आडवी दोन्ही" या अटीने 0.603 आणि 0.596. केवळ उभ्या वाटेने मात्र दोन्ही वेळा 0.592 आणि 0.593 च्या दरम्यान. प्रयोग वाढवून "किंवा" चे उत्तर 0.5927 वर येईल का?

अर्धविराम

प्रयोग दसपट केले तर यायला हवे. सरासरीची चूक प्रयोगांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते.

तळटीप

येथे नाही, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. प्रयोग वाढवल्याने सरासरी स्थिरावते, पण ती कुठे स्थिरावते हे L आणि अट मिळून ठरवतात. L = 50 ला "किंवा" ची अट दहा लाख वेळा लावली तरी उत्तर 0.582 च राहील, फक्त पुढचे अंक पक्के होतील.

मृण्मयी यांच्याच आकड्यांत त्याचे माप आहे. 0.582 हे 0.5927 पासून सुमारे 0.011 दूर आहे, 0.589 सुमारे 0.004. चौकटीची बाजू चौपट झाल्यावर अंतर साधारण 2.8 पट घटले. सिद्धांताप्रमाणे हे अंतर `L**(-3/4)` च्या प्रमाणात घटते, आणि 4 चा 3/4 घात 2.83 आहे. एका प्रयोगाचे प्रमाण विचलनही याच गतीने घटते. म्हणजे "किंवा" च्या अटीतला सरक आणि एका प्रयोगाचा पसारा कायम तोलामोलाचे राहतात, आणि सरक प्रयोगांनी जात नाही.

केवळ उभ्या वाटेच्या अटीत मात्र दैव आपल्या बाजूने आहे. मोठ्या चौकटीत नेमक्या उंबरठ्यावर उभी वाट असण्याची शक्यता अर्धी येते, त्यामुळे सरासरी जवळजवळ योग्य जागीच बसते आणि उरलेला सरक `L**(-7/4)` ने, म्हणजे फार वेगाने, विरतो.

आणि "किंवा" व "आणि" यांची सरासरी काढून पाहा. 0.582 आणि 0.603 यांचा मध्य 0.5925, 0.589 आणि 0.596 यांचाही 0.5925. प्रत्येक प्रयोगात उभ्या वाटेचा क्षण आणि आडव्या वाटेचा क्षण असे दोनच आकडे असतात. "किंवा" त्यातला लहान घेते, "आणि" मोठा. लहान आणि मोठा यांची बेरीज म्हणजे त्या दोन आकड्यांचीच बेरीज, म्हणून मध्य काढला की सरक जातो.

मृण्मयी_स

मग केवळ उभ्या वाटेचीच अट ठेवते. संगणकाला रात्रभर वेळ देता येईल. तो मोठ्या L ला द्यावा की अधिक प्रयोगांना?

तळटीप

हिशोब मांडू. बाजू दुप्पट केली की घरे चौपट, म्हणून वेळ सुमारे चौपट. युनियन-फाइंडचा खर्च दर घरामागे जवळजवळ स्थिर असतो, तरी मोठी यादी स्मृतीच्या जलद भागात मावत नाही म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्तच लागतो. त्या बदल्यात विचलन 1.68 पट घटते. तोच चौपट वेळ प्रयोगांना दिला तर सरासरीची चूक निम्मी होते. म्हणून एकदा सरक नगण्य झाला की प्रयोग वाढवणे फायद्याचे. L = 200 ला एका प्रयोगाचे विचलन 0.0088, म्हणजे शंभर प्रयोगांनी सरासरीची चूक सुमारे 0.0009 आणि दहा हजारांनी सुमारे 0.00009. आपले 0.5930 त्या पट्ट्यात व्यवस्थित बसते, त्यातला चौथा अंक मात्र वाचू नये.

न्यूमन आणि झिफ यांनी 2000 मध्ये 0.59274621 दिला, ज्याची अनिश्चितता शेवटच्या दोन अंकांत 13 होती. त्यासाठी त्यांनी कडा एकमेकींना जोडून चौकटीला वेढा घालणारा पुंजका शोधला. त्या अटीचा सरक `L**(-11/4)` ने विरतो, म्हणून त्यांना लहान चौकटींवर अतिशय जास्त प्रयोग करणे परवडले.

अर्धविराम

वेढा घालणारा पुंजका युनियन-फाइंडने ओळखायचा कसा? कडा जोडल्यावर वरची-खालची ओळ उरतच नाही, मग `TOP` कुठे ठेवायचे?

तळटीप

आभासी घरे काढून टाकायची. प्रत्येक घरापाशी त्याच्या पालकापर्यंतचे अंतर दोन आकड्यांत ठेवायचे, किती स्तंभ आणि किती ओळी. `find` मुळापर्यंतची वाट आखडते तेव्हा ही अंतरे बेरजेने अद्ययावत करायची. एकाच पुंजक्यातली दोन शेजारची घरे जोडायला गेलो आणि मुळापर्यंतच्या त्यांच्या अंतरांतला फरक एका घराचा न येता त्याहून L ने वेगळा आला, की पुंजक्याने वेढा पूर्ण केला. आधी L = 3 वर कागदावर करून पाहा. चिन्हांची गफलत नेहमी वाट आखडण्याच्या ओळीत होते.

मृण्मयी_स

केवळ उभी वाट, L = 200, दहा हजार प्रयोग आज रात्री लावते. अंतरांचा प्रकार त्यानंतर L = 3 पासून सुरू करेन आणि आकडे येथेच देईन.

वाळूसिमेंट

मी फरशीच्या तुकड्यांचे आडवे छेद घेऊन त्यांची छायाचित्रे काढली आहेत. त्यावर हा प्रोग्राम चालवला तर एकाही छेदात आरपार वाट दिसत नाही, आणि पाणी तर जाते. छेद एकावर एक रचून घनाकृती जाळी करावी लागेल असे दिसते, पण दोन छेदांमध्ये जे करवतीने गेले त्याचे काय करावे हे मला अजून सुचलेले नाही.